वळणावर काटा ३६ वर स्थिर, मग त्वरण आहे की नाही?

खाडीकाठ
नववीच्या एका सराव-पत्रिकेतला प्रश्न जसाच्या तसा देतो.

"एक मोटार अर्धवर्तुळाकार वळणावरून ताशी ३६ किमी या एकसमान चालीने जाते. वळणाची त्रिज्या २५ मीटर आहे. वळणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत मोटारीचा (अ) सरासरी वेग आणि (आ) त्वरण काढा."

शेवटच्या पानावर उत्तरं छापलीत: (अ) १० मी/से, (आ) शून्य. माझ्या मते दोन्ही चूक. पण मुलं म्हणतात, काटा हललाच नाही तर त्वरण आलं कुठून? सगळी रत्नागिरीच्या आसपासची आहेत. आरे-वारेचा रस्ता, सड्यावरून खाडीकडे उतरणारी वळणं त्यांनी रोज बघितलेली. सूत्र फळ्यावर लिहून मोकळं होता येईल, पण त्याने त्यांना पटत नाही. जाणकारांनी जरा सोडवून सांगावं.

बावनकशी
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळपर्यंत शंभरी होणार.

पाटाचं_पाणी
उत्तर बरोबरच वाटतंय मला. ॲक्सिलरेटर दाबला की त्वरण, ब्रेक दाबला की ऋण त्वरण. दोन्ही पेडल जिथल्या तिथे असतील तर शून्य. गाडीत त्वरण देणारं तिसरं काही नसतंच.

सडेकर
@पाटाचं_पाणी, आहे की. स्टिअरिंग.

आता पत्रिकेतली मोटार घेऊ. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. गाडी उत्तरेकडे तोंड करून वळणात शिरली, डावीकडे वळत वळत अर्धवर्तुळ पूर्ण केलं आणि दक्षिणेकडे तोंड करून बाहेर पडली. घाटीत असं वळण घेतलं की मघाचा रस्ता आता आपल्या डोक्यावर दिसतो.

रस्त्याची लांबी ७८.५ मीटर, म्हणजे वळणात ७.८५ सेकंद गेले. पण सुरुवातीचा बिंदू आणि शेवटचा बिंदू यांच्यातलं सरळ अंतर फक्त ५० मीटर. काट्याला ७८.५ मीटरशी देणंघेणं, सरासरी वेगाला ५० मीटरशी. ५० भागिले ७.८५ केलं की साधारण ६.४ मी/से येतं, आणि दिशा पश्चिमेची. पत्रिकेने छापलेले १० ही सरासरी चाल झाली.

आता (आ). आत शिरताना वेग होता १० उत्तरेकडे, बाहेर पडताना १० दक्षिणेकडे. उत्तरेचे १० आधी पुसायचे आणि मग दक्षिणेचे १० कमवायचे, म्हणजे वेगात एकूण २० मी/से चा बदल. तो ७.८५ सेकंदांत झाला. सरासरी त्वरण २.५५ मी/से². सरळ रस्त्यावर याच त्वरणाने निघालात तर शून्यावरून ताशी ३६ ला चार सेकंदांत पोचाल. याला शून्य कसं म्हणायचं?

मिरीचा_वेल
म्हणजे सकाळी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाऊन संध्याकाळी घरी परत आलं तर दिवसभराचा सरासरी वेग शून्य?

सडेकर
हो. आणि सरासरी चाल शून्य नाही.

मिरीचा_वेल
पेट्रोलपंपवाल्याला हे कोणीतरी समजावा.

पाटाचं_पाणी
दिशेचं मान्य. पण एक गाठ सुटत नाहीये. चालीचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र मलाही येतं. १०० भागिले २५ म्हणजे ४. तुम्ही २.५५ काढलंत. गाडी एक, वळण एक, आणि त्वरणं दोन?

सडेकर
प्रश्न नेमका पकडलात. ४ हे कुठल्याही एका क्षणाचं त्वरण आणि २.५५ ही अख्ख्या वळणाची सरासरी. दोन्ही खरी आहेत. फरक पडतो तो वळणभर त्वरणाचीही दिशा फिरत राहते म्हणून.

समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला हे आपल्याला सांगायला नको. गाडी उत्तरेला तोंड करून डावीकडे वळायला लागली त्या क्षणी वर्तुळाचा मध्य तिच्या पश्चिमेला आहे, म्हणून त्वरण समुद्राकडे, ४. वळणाच्या बरोबर मध्यावर गाडीचं तोंड समुद्राकडे आहे आणि त्वरण दक्षिणेकडे, तेही ४. बाहेर पडताना तोंड दक्षिणेला आणि त्वरण डोंगराकडे, पुन्हा ४. आकडा कुठेही बदलला नाही. पण पहिल्या अर्ध्यातला समुद्राकडचा भाग आणि दुसऱ्या अर्ध्यातला डोंगराकडचा भाग एकमेकांना खाऊन टाकतात. हिशेबाला उरतो तो फक्त दक्षिणेकडचा भाग, आणि त्याची सरासरी २.५५.

मुलांना वहीत अर्धवर्तुळ काढायला लावा. त्यावर पाच ठिकाणी वेगाचे बाण रस्त्याला धरून आणि त्वरणाचे बाण मध्याकडे. वेगाचे सगळे बाण एकाच लांबीचे, त्वरणाचेही एकाच लांबीचे, आणि दोन्ही प्रत्येक ठिकाणी काटकोनात. काटा का हलत नाही ते त्या काटकोनातच आहे. त्वरणाचा जो भाग गाडीच्या तोंडाच्या रेषेत येतो तोच चाल वाढवतो किंवा घटवतो. इथे तो भाग शून्य आहे.

दर्याकिनारी
एवढं सगळं कशाला? वळणावर आपण बाहेरच्या दारावर ढकलले जातो. म्हणजे बल बाहेरच्या दिशेला आहे. अपकेंद्री बल म्हणतात त्याला. त्वरणही मग बाहेरच्या दिशेलाच असणार. मध्याकडे कसं?

सडेकर
गाडीच्या आत बसून हिशेब करायचा असेल तर ते बल मांडावं लागतं, त्याला हरकत नाही. पण पत्रिकेचा प्रश्न रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याचा आहे. त्याला दिसतं ते असं: गाडी डावीकडे वळली, तुमचं अंग सरळच जात राहिलं, आणि उजवीकडचं दार येऊन अंगाला टेकलं. ते दार तुम्हाला आत, मध्याकडे ढकलतंय.

एक पडताळा देतो. बाहेर ओढणारं खरंच काही असतं तर पकड सुटलेली गाडी मध्यापासून थेट लांब, म्हणजे रस्त्याला आडवी फेकली गेली असती. तसं होत नाही. पकड पूर्ण सुटली तर गाडी त्या क्षणी तोंड होतं त्या रेषेत सरळ जाते. थोडी पकड उरली असेल तर वळते, पण रस्त्यापेक्षा मोठ्या वर्तुळात. टायरच्या खुणा बघा, त्या रस्ता सोडतात त्या तिरक्या, आडव्या कधीच नाहीत.

मालवणी_तिखट
माका एवढाच कळला, डिकीत बांगड्यांचो क्रेट असलो तर तो सरळ जाता आणि गाडी वळता. मगे वास आठ दिस.

सडेकर
@मालवणी_तिखट, पूर्ण गुण.

आजीचा_बटवा
वळणांचा विषय निघालाच आहे तर विचारते. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना धाकट्याला हमखास गाडी लागते. आवळासुपारी, आलेपाक सगळं करून झालं. गाडी हळू चालवली तरी लागतेच. पुढच्या सीटवर बसवल्याने फरक पडतो का?

बावनकशी
ताई, हा धागा आरोग्य विभागात नाहीये.

घाटरस्ता
असू दे, प्रश्न विषयाला धरूनच आहे. त्रास नुसत्या त्वरणापेक्षा त्वरण सारखं बदलत राहण्याचा. डावं वळण संपता संपता उजवं सुरू झालं की अंगावरचं त्वरण डावीकडच्या ४ वरून उजवीकडच्या ४ वर जातं. चालक हे दोन सेकंदांत करतो की पाच, यावर बरंच अवलंबून असतं. काटा दोघांचाही तोच राहील, पोटाला मात्र फरक कळेल. पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा, मोबाइल हातात देऊ नका. आणि चालकाला सांगा, स्टिअरिंग एका झटक्यात न फिरवता हळूहळू भरत जा.

आजीचा_बटवा
चालक हे धागा वाचत नाहीत, पण सांगते.

रबर_आणि_डांबर
सडेकरांचं गणित कोरड्या रस्त्यावर गोड वाटतं. हेच वळण जुलैत घेऊ. चाल, वेग, त्वरण वेगवेगळे का मोजायचे हे तिथे कळतं.

टायर रस्त्याला किती धरून राहील याला एक कमाल मर्यादा असते. बऱ्यापैकी टायर आणि चांगलं डांबर असेल तर कोरड्यात ती ७ मी/से² च्या आसपास धरा, पावसात साधारण ४.४. वळणाच्या आतल्या कडेला जांभ्याची लाल माती वाहून आली असेल, किंवा झाडांच्या सावलीत शेवाळ धरलं असेल, तर त्याहूनही कमी. आणि ही मर्यादा सगळ्या दिशांना मिळून एकच. वळायला वेगळी आणि थांबायला वेगळी असं नसतं.

ओल्या रस्त्यावर ताशी ३६ ने २५ मीटरचं वळण घेताना ४ आधीच खर्च झाले. गाडी शांतपणे वळतेय, आतल्या कोणाला काही जाणवत नाही. तेवढ्यात समोर म्हैस. चालकाने असा ब्रेक मारला की चाल दर सेकंदाला ३ मी/से ने उतरावी. सरळ रस्त्यावर हा मध्यम ब्रेक, ओल्यातही सहज निभावतो. इथे मात्र आडवे ४ आणि मागच्या दिशेने ३, दोन्ही एकमेकांना काटकोनात. ९ आणि १६ ची बेरीज २५, वर्गमूळ ५. हातात होते ४.४. टायर घसरले.

गंमत म्हणजे धोका सगळा सुरुवातीलाच आहे. एक सेकंद निभावलं असतं तर चाल ७ मी/से वर आली असती, आडवं त्वरण २ च्या खाली गेलं असतं आणि दोन्ही मिळून साडेतीनच्या थोडं वर. म्हणजे मर्यादेत. पण टायर एकदा सरकायला लागला की पकड आणखी घटते, म्हणून तो सेकंद मिळत नाही.

कुठलं चाक सुटलं ते कसं ओळखायचं? पुढची सुटली तर स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि फिरवूनही गाडी सरळच सरकत राहते. मागची सुटली तर गाडीची शेपूट बाहेर जाते. पुढची सुटल्यावर बहुतेक जण स्टिअरिंग आणखी फिरवतात, त्याने काही साधत नाही. ब्रेक सैल करावा, चाकं परत धरतात.

दर्याकिनारी
माझ्या गाडीला एबीएस आहे. मला हे लागू नाही.

रबर_आणि_डांबर
एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण ४.४ चे ५ ते करून देणार नाही. ते ब्रेकचा वाटा कमी करतं, म्हणजे थांबायला अंतर जास्त लागतं. म्हैस आहे तिथेच असते.

घाटरस्ता
वरच्या हिशेबात उतार धरलेला नाही. खाडीकडे उतरताना शंभर मीटरला सहा मीटर असा उतार असेल तर गुरुत्वाकर्षण गाडीला रस्त्याच्या रेषेत ०.६ ने पुढे ओढतं. काटा ३६ वर स्थिर ठेवायचा तर इंजिनाने किंवा ब्रेकने तेवढंच मागे ओढायला हवं. म्हणजे रस्त्याच्या रेषेतलं त्वरण शून्य असूनही टायरच्या हिशेबातून ०.६ गेले. त्यावर ३ चा ब्रेक मारला की टायरला मागच्या दिशेने ३.६ द्यावे लागतात, आणि आडव्या ४ बरोबर मिळून जवळजवळ ५.४ होतात.

म्हणून उतारावर वळणाच्या आधी, रस्ता सरळ आहे तोवरच चाल उतरवायची आणि खालच्या गिअरवर वळणात शिरायचं. वळणाच्या बाहेरची कड उचललेली असेल तर रस्ता स्वतःच थोडं मध्याकडे ढकलतो आणि टायरचं काम हलकं होतं. पण गावाकडच्या जुन्या रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेलेत, तिथे उलट्या बाजूला कललेली वळणंही सापडतात. तिथे वरचे सगळे आकडे आणखी वाईट होतात.

पाटाचं_पाणी
आणि काटा थोडा पुढे गेला तर? ३६ ऐवजी ४५?

रबर_आणि_डांबर
चाल सव्वापट, त्वरण दीडपटीहून जास्त. ताशी ४५ म्हणजे १२.५ मी/से, त्याचा वर्ग १५६, भागिले २५, सव्वासहा. पावसात ब्रेकला हात न लावताही गाडी रस्त्यावर राहणार नाही. कोरड्यात राहील, पण हातात फार काही शिल्लक नसेल.

मिरीचा_वेल
मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता येईल का? फोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतोच.

घाटरस्ता
येईल. फायफॉक्ससारखं ॲप चालेल. फोन डॅशबोर्डवर सपाट आणि पक्का बसवायचा, वरची कड गाडीच्या तोंडाकडे. हातात धरलात तर हाताचीच मोजणी होईल. मग आडव्या अक्षावर वळण दिसतं आणि उभ्या अक्षावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. चाल स्थिर ठेवून वळण घेतलं की आडवा आलेख उचलला जातो आणि उभा शून्याजवळच राहतो. धाग्याचा मूळ प्रश्न एका पडद्यावर. चालकाने मात्र फोनला हात लावायचा नाही, ते काम शेजारच्याचं.

आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तिच्याबरोबर फोनही कलतो आणि गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग आडव्या अक्षात मिसळतो. तीन अंश कलली तरी अर्धा मी/से² वाढतो, म्हणजे ४ च्या जागी साडेचार दिसतील. रस्ता आतल्या बाजूला कललेला असेल तर उलट कमी दिसतील. शिवाय खड्ड्यांची थरथर असतेच, म्हणून एखादं टोक न बघता दोन-तीन सेकंदांची सरासरी बघा.

पाटाचं_पाणी
आणि वळणाची त्रिज्या? रस्त्यावर टेप धरून उभं राहायचं का?

घाटरस्ता
मुळीच नाही. उपग्रहाच्या नकाशावर अंतर मोजायची सोय असते. वळणाच्या मधल्या रेषेवर दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारी सरळ रेषा मोजा. मग त्या रेषेच्या मध्यापासून रस्त्याचा फुगवटा किती तो मोजा. रेषेचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, अधिक फुगवट्याचं निम्मं. रेषा २० मीटर आणि फुगवटा २.१ आला तर त्रिज्या २५ च्या अगदी जवळ येते. फुगवटा मोजताना अर्ध्या मीटरची चूक झाली तर त्रिज्या पाच-सात मीटरने हलते, तेव्हा दोन-तीनदा मोजा. आणि खऱ्या वळणाची त्रिज्या सगळीकडे सारखी नसते. सुरुवातीला ऐसपैस वाटून मध्येच आवळत जाणारी वळणं सगळ्यात फसवी. तिथे काटा स्थिर ठेवलात तरी त्वरणाचा आकडा वाढतच जातो.

दर्याकिनारी
अजून एक शंका. वळणात बाहेरची चाकं जास्त अंतर कापतात. मग ३६ नक्की कोणाची चाल?

सडेकर
साधारण गाडीच्या मध्याची. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर या वळणात बाहेरचं चाक १०.३ ने आणि आतलं ९.७ ने धावतं. डिफरन्शियल त्यासाठीच असतो. शिवाय काटा मुळातच खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवेल असा बसवलेला असतो, त्यामुळे ३६ वर एवढं अडून बसू नका.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. उद्या वर्गात बाण काढणार. छापील उत्तर बदलून (अ) ६.४ मी/से पश्चिमेकडे, (आ) २.५५ मी/से² दक्षिणेकडे असं द्यायचं ठरवतोय.

पाटाचं_पाणी
(आ) मध्ये ४ लिहिणाऱ्या मुलाला शून्य गुण देणार का? प्रश्नात "सरासरी" हा शब्द फक्त वेगाच्या आधी आहे.

सडेकर
"सुरुवातीपासून शेवटापर्यंत" असं म्हटलंय म्हणजे सरासरीच विचारली आहे.

घाटरस्ता
मला नाही पटत. ४ लिहून "नेहमी मध्याकडे" असं म्हटलं असेल तर मी पूर्ण गुण देईन. प्रश्न दोन्हीकडे वाकतो. नववीच्या मुलाकडून दिशेसकट सरासरीची अपेक्षा करायची तर पत्रिकेत आकृती आणि उत्तर-दक्षिण द्यायला हवं होतं, ते नाहीये.

सडेकर
मग निम्मे द्या.

मिरीचा_वेल
आणि शून्य लिहिणाऱ्याला?

मालवणी_तिखट
तेका बांगड्यांच्या क्रेटाबरोबर डिकीत बसवा.